रात्री तीनचा ओलावा

बालरोगतज्ज्ञाच्या तपासणीकक्षात येणाऱ्या तक्रारींपैकी काही पुस्तकांत प्रकरण म्हणून सापडत नाहीत. पण घरातल्या चार माणसांची झोप मात्र त्या हिरावून घेतात. "डॉक्टर, हा रोज रात्री तीन वाजता ओला होऊन उठतो," ही त्यांपैकीच एक. गेल्या हिवाळ्यात आपल्या वडोदऱ्यातीलच एक मराठी कुटुंब अशी तक्रार घेऊन आले. बाळ नऊ महिन्यांचे, वजन ९.२ किलो, वाढ उत्तम. आई पंधरा दिवसांनी नोकरीवर रुजू होणार होती आणि सलग तीन तासांची झोप तिने महिनाभर पाहिली नव्हती. सोबत आलेल्या आजींचे मत ठाम होते. "आमच्या वेळी लंगोट होते, असली पुरळ नव्हती. हे प्लॅस्टिकच काढून टाका."

आईने दोन आठवड्यांत तीन निरनिराळे डायपर आणून पाहिले होते, प्रत्येक आधीच्यापेक्षा महाग. मी तिला एकच प्रश्न विचारला, "गळालेला डायपर उघडल्यावर तो कुठे ओला असतो?" याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. म्हणून त्या रात्रीपुरते तिला एक काम सांगितले. कोरा डायपर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचा, गळाल्यानंतर तोच पुन्हा तोलायचा आणि आतून हाताने चाचपून पाहायचा.

दुसऱ्या दिवशी तिने आकडे आणले. कोरा ३५ ग्रॅम, गळालेला १७५ ग्रॅम. म्हणजे त्यात साधारण १४० मिलिलिटर लघवी साठली होती. बाळाला ताशी दर किलोस सुमारे दोन मिलिलिटर लघवी होते असे धरले, तर या मुलाची दहा तासांची लघवी १८० मिलिलिटरच्या आसपास जाते. रात्री दूध पिणाऱ्या बाळाची त्याहूनही अधिक. पण खरी गोष्ट आकड्यापेक्षा चाचपण्यातून कळली. पुढचा भाग दगडासारखा फुगलेला आणि पाठीकडचा निम्मा भाग कोरडा!

डायपरच्या गाभ्यात कापसासारख्या लगद्याबरोबर सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे कण असतात. ते लघवी शोषून तिची जेली करतात आणि दाबले तरी सहसा सोडत नाहीत. संपूर्ण गाभा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फुगला असेल आणि तरीही गळत असेल, तर क्षमता अपुरी आहे. तेव्हाच रात्रीचा जास्त शोषणारा डायपर घ्यावा. अर्धा कोरडा असताना गळत असेल, तर दोष बसण्यात आहे आणि कितीही महाग डायपर आणला तरी तो गळणारच.

या बाळाच्या बाबतीत बसण्याचे तीन दोष एकत्र आले होते. पहिला, माप. पाकिटावर मध्यम मापासाठी ७ ते १२ किलो आणि मोठ्या मापासाठी ९ ते १४ किलो असे लिहिलेले. हे मूल दोन्हींत बसणारे. आई पाकीट संपेपर्यंत मध्यमच वापरत होती. मांड्यांवर लाल वळ उमटत होते, ते लहान मापाचे लक्षण. दुसरा, मांडीभोवतीची झालर आत दुमडलेली राहत होती आणि शिश्न वरच्या बाजूस वळलेले असल्याने धार थेट कमरपट्ट्याकडे जात होती. तिसरा दोष आजींच्या मायेतून आलेला. झोपण्यापूर्वी त्या खोबरेल तेल सढळ हाताने चोपडत. तेलाचा थर डायपरच्या आतल्या पडद्याला लागला, की लघवी आत मुरण्याऐवजी वरच्यावर पसरते आणि सापडेल त्या फटीतून बाहेर येते.

आता पुरळ. लालसरपणा नितंब व मांड्यांच्या उंचवट्यांवर होता, जांघेच्या घड्या मात्र स्वच्छ होत्या. ही ओलावा आणि घर्षणाची पुरळ. ओल्या त्वचेचा सामू वाढला की शौचातील पाचकरसांचे दाहक कार्य बळावते. म्हणून लघवी व शौच यांचा संयोग सर्वांत वाईट. घड्याच लाल झाल्या असत्या आणि कडेला सुटे लाल ठिपके दिसले असते, तर कॅन्डिडा बुरशी समजून मी क्लोट्रिमाझोल लिहिले असते. घरच्यांनी औषधाच्या दुकानातून एक मिश्र मलम आणले होते. त्यात बुरशीच्या औषधासोबत तीव्र स्टेरॉइड होते. डायपरच्या बंद आवरणाखाली स्टेरॉइडचे शोषण वाढते आणि त्वचा पातळ होते. ते मी तत्काळ थांबवले आणि त्याजागी झिंक ऑक्साइडचा जाड थर द्यायला सांगितले. हा लेप तेलासारखा पसरत नाही, पण तोही लाल भागापुरताच.

पुरळ नसेल आणि केवळ लघवी असेल, तर चांगल्या बसलेल्या डायपरसाठी झोपलेल्या मुलाला हात लावू नये. शौच झाले असेल तर मात्र नेहमीच बदलावा. या मुलाला पुरळ होती, म्हणून रात्री एकदाच बदलायचे ठरले. तेही तीन वाजता नव्हे, तर अकरा वाजता, आईवडील स्वतः झोपायला जाताना. आठला झोपलेले मूल तेव्हा गाढ झोपेत असते आणि रात्रीची लघवी दोन डायपरमध्ये विभागली जाते.

रात्रीसाठी मी पँटऐवजी चिकटपट्टीचा डायपर सुचवला. पँट बाजूने फाडून काढता येते, पण नवी चढवताना दोन्ही पाय उचलून घालावे लागतात आणि मूल तिथेच जागे होते. सारे सामान आधी हाताशी ठेवावे. खोलीत फक्त झिरोचा दिवा असावा. गार ओल्या वाइपने मूल दचकते, म्हणून थर्मासमधील कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापूस घ्यावा. पाय वर न उचलता मुलाला हलकेच कुशीवर वळवून नवा डायपर जुन्याच्या खाली सरकवावा, मग पाठीवर आणून जुन्याच्या पट्ट्या सावकाश सोडाव्यात. टिपून कोरडे करावे, घासू नये. आधीचा लेप स्वच्छ असेल तर खरवडू नये. शिश्न खाली वळवावे, पट्ट्या लावाव्यात, कमरेशी दोन बोटे जातील इतकी सैल जागा ठेवावी आणि शेवटी मांडीभोवती बोट फिरवून झालर बाहेर काढावी. बोलू नये, गाणे म्हणू नये.

आजींचे म्हणणे मात्र मी अर्धे मान्य केले. रात्रीचा लंगोट ओला होताच गार पडतो आणि मुलाला उठवतो. पण दिवसा तासभर डायपर काढून दुपट्यावर मोकळे खेळू देण्याइतके गुणकारी मलम नाही. तेही सुरू झाले, आणि त्याची जबाबदारी आजींनी आपणहून घेतली.

दुसऱ्या रात्रीपासून गळणे थांबले. अकरा ते सहा या वेळेतील डायपर २०५ ग्रॅम भरला आणि बाहेरून कोरडा होता. चौथ्या दिवशी त्वचा फिकट झाली. ती तशी झाली नसती, किंवा तोंडाभोवती व हातापायांवरही पुरळ दिसली असती, तर जस्ताच्या कमतरतेचा विचार करावा लागला असता.

मूल मात्र पाचव्या रात्रीही तीन वाजता उठले, कोरडे असूनही. ते आता सवयीने दूध मागत होते. आईला मी तेवढे सांगितले, की डायपरने आपले काम केले आहे. उरलेले जागरण निराळ्या कारणाचे आहे आणि त्यासाठी डायपर बदलू नये. ठरल्या दिवशी ती नोकरीवर रुजू झाली.