छोट्या कारखान्याचे वीजबिल : पॉवर फॅक्टरचा दंड आणि कपॅसिटर बँक

आज आपण वीजबिलातल्या एकाच ओळीबद्दल बोलणार आहोत. लघुदाबावर चालणाऱ्या छोट्या कारखान्याच्या बिलात स्थिर आकार, वीज आकार, इंधन समायोजन या सगळ्या ओळींच्या खाली कुठेतरी 'पॉवर फॅक्टर दंड' लिहिलेले असते. बऱ्याच ठिकाणी ही रक्कम महिन्यामागून महिने भरली जाते, कारण मालकाला वाटते की तो एखादा कर आहे. तो कर नाही. आपल्या शेडमध्ये काय चालले आहे त्याचा तो हिशोब आहे, आणि तो आपल्याला शून्यावर आणता येतो.

आधी हा गुणक म्हणजे काय ते पाहू. लेथ, प्रेस, कॉम्प्रेसर या सगळ्यांत इंडक्शन मोटर असते. ती फिरायला आतमध्ये चुंबकीय क्षेत्र उभे राहावे लागते. त्यासाठी मोटर दर आवर्तनात थोडी ऊर्जा घेते आणि परत लाईनमध्ये ढकलते. ही ऊर्जा खर्च होत नाही, नुसती ये-जा करते. म्हणून युनिट मोजणाऱ्या आकड्यात ती दिसत नाही. पण ये-जा करणारा करंट तारांमधून, रोहित्रामधून जातोच, आणि तारा तापतातच. वीज कंपनीला तेवढी जाड तार, तेवढे मोठे रोहित्र ठेवावे लागते. दंड त्याचा आहे.

काम करणारी शक्ती किलोवॅटमध्ये मोजतात, ये-जा करणारी केव्हीएआरमध्ये, आणि दोन्ही मिळून लाईनवर जो भार पडतो तो केव्हीएमध्ये. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: पहिल्या दोन्हींची सरळ बेरीज होत नाही. त्या एकमेकींशी काटकोनात असतात, म्हणून वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे, शाळेतल्या पायथागोरससारखे. किलोवॅटला केव्हीएने भागले की पॉवर फॅक्टर मिळतो.

आता एक उदाहरण घेऊ. कारखाना काल्पनिक आहे, पण आकडे अशा शेडमध्ये नेहमी दिसणारे आहेत. लेथ, दोन पॉवर प्रेस, एक कॉम्प्रेसर, वेल्डिंगची दोन मशीन. महिन्यात २२५ तास काम चालते आणि ९,००० युनिट वापरली जातात, म्हणजे सरासरी भार ४० किलोवॅट. मीटरमध्ये युनिटशेजारी आणखी एक नोंद असते, आरकेव्हीएएच लॅग. ती आहे ७,९३८. बिलावरचा सरासरी पॉवर फॅक्टर साधारण असा काढतात:

```
PF = kWh / √(kWh² + (RkVAh lag + RkVAh lead)²)
```

लीडची नोंद सध्या शून्य धरू. ९,००० चा वर्ग आणि ७,९३८ चा वर्ग यांच्या बेरजेचे वर्गमूळ येते १२,०००. म्हणून पॉवर फॅक्टर ०.७५. महाराष्ट्रात अलीकडच्या काही वर्षांत लघुदाब उद्योगांना लावलेली दंडाची पायरी अशी होती की ०.९० पर्यंत दंड नाही, ०.८९ ला १ टक्का, आणि पुढे प्रत्येक शतांश घसरला की अर्धा टक्का जास्त. ०.७५ म्हणजे ०.८९ च्या खाली चौदा पायऱ्या, म्हणून १ अधिक ७, एकूण ८ टक्के. कर आणि शुल्क सोडून बिल एक लाख रुपयांचे असेल, तर महिन्याला ८,००० रुपये. पायरी दर आदेशाबरोबर बदलते, त्यामुळे तुमच्या बिलाला लागू असलेला तक्ता पाहूनच हा हिशोब करा.

इथे हमखास एक प्रश्न येतो: "आमचे बिल केव्हीएएचवर येते, त्यात दंडाची ओळच नाही, मग आम्हाला काय?" महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे बिल एप्रिल २०२० पासून असेच येते. त्यात दंड वेगळा दिसत नाही, पण आकारणी ९,००० वर न होता १२,००० वर होते. म्हणजे तोटा आहेच, फक्त लपलेला.

मग ०.७५ येतो कुठून? बहुतेक वेळा कारण एकच असते: मोटरा गरजेपेक्षा मोठ्या आणि अर्ध्या रिकाम्या फिरतात. चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारा करंट मोटर पूर्ण भारावर असो की रिकामी, जवळजवळ तेवढाच राहतो. भार कमी झाला की काम करणारा भाग घटतो, ये-जा तशीच राहते, आणि गुणक खाली येतो. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. जॉब बदलताना तास-तास रिकाम्या फिरणाऱ्या मोटरा बंद करा. उरलेल्यासाठी कपॅसिटर.

कपॅसिटर काय करतो? तोही ऊर्जा घेतो आणि परत देतो, पण मोटरच्या उलट वेळी. मोटर घेत असते तेव्हा तो देतो, मोटर परत देते तेव्हा तो घेतो. त्यामुळे ही ये-जा शेडमध्येच मोटर आणि कपॅसिटर यांच्यात होते, मीटरपर्यंत जातच नाही. मात्र मोटरला लागणारा करंट कमी झालेला नाही. मुख्य पॅनेलवर कपॅसिटर बसवला, तर पॅनेल ते मोटर या केबलमध्ये पहिल्याइतकाच करंट राहतो, सुटका पॅनेलच्या अलीकडे मीटरच्या बाजूला होते. आणि युनिटही फारसे कमी होत नाहीत. 'भिंतीच्या प्लगात लावा, युनिट तीस टक्के वाचतील' असे सांगून विकल्या जाणाऱ्या डब्यांपासून म्हणूनच दूर राहायचे.

आता किती केव्हीएआर हवेत? सरासरी ४० किलोवॅटला ०.७५ वर ३५.३ केव्हीएआर लागतात. आपण ०.९८ वर जायचे ठरवू. ०.९० ला दंड संपतो हे खरे, पण अगदी कडेला उभे राहिलो तर एक कपॅसिटर कमजोर झाला की परत दंड सुरू. शिवाय वरच्या टोकाला तक्त्यात सवलतही असते. ०.९८ वर ४० किलोवॅटला लाईनवरून फक्त ८.१ केव्हीएआर घ्यायचे असतात. वजाबाकी केली की २७.२. पण ही सरासरी झाली. सगळी मशीन एकदम चालू असताना भार ५० किलोवॅट होतो, तेव्हा ३४ लागतील. म्हणून बँक ३४ च्या हिशोबाने बांधायची.

इथे खरेदीत एक चूक फार होते. कपॅसिटरवर लिहिलेली क्षमता त्याच्यावर लिहिलेल्या व्होल्टेजला असते, आणि प्रत्यक्ष क्षमता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. ४४० व्होल्टचा कपॅसिटर ४१५ वर लावला की लिहिलेल्याच्या ८९ टक्केच मिळतात. ३४ हवे असतील तर पाटीवर किमान ३८ हवेत. आपण ५, ५, १० आणि २० असे चार तुकडे घेऊ, एकूण ४०. प्रत्यक्षात मिळतील साधारण साडेपस्तीस.

तुकडे का? कारण कपॅसिटर कायम चालू ठेवणे हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. समजा कुणी २७ केव्हीएआर थेट बसबारला जोडले आणि विसरून गेले. कामाच्या २२५ तासांत लॅग खूप कमी होईल, साधारण १,८६० उरेल. पण महिन्यात ७२० तास असतात. उरलेल्या ४९५ तासांत मोटरा बंद, कपॅसिटर चालूच. आता तो लाईनशीच ये-जा करतो, आणि मीटर ते लीडमध्ये नोंदवते: २७ गुणिले ४९५, म्हणजे १३,३६५. वरच्या सूत्रात लॅग आणि लीड एकमेकांतून वजा होत नाहीत, त्यांची बेरीज होते. बेरीज १५,२२५, आणि पॉवर फॅक्टर ०.५१. म्हणजे पैसे खर्च करून आपण ०.७५ वरून खाली आलो! 'कपॅसिटर बसवले तरी दंड वाढला' अशी तक्रार आली, की पहिल्यांदा बिलातली लीडची नोंद पाहायची.

म्हणून ऑटोमॅटिक पॅनेल वापरतात, ज्याला एपीएफसी म्हणतात. त्यातला रिले येणाऱ्या लाईनवरच्या सीटीमधून करंट पाहतो आणि गरजेप्रमाणे तुकडे चढवतो-उतरवतो. सीटी मात्र अशा जागी हवा की कारखान्याचा सगळा भार आणि कपॅसिटर, दोन्ही त्याच्या पुढे येतील. तो फक्त एका फीडरवर बसवला, किंवा उलट्या दिशेने जोडला, तर रिले चुकीचे पाहील आणि चुकीचेच करील. रिलेचे आकडे मीटरच्या डिस्प्लेशी जुळतात का, हे पहिल्याच दिवशी तपासा.

पॅनेल बसल्यावर सर्वाधिक भाराच्या वेळी ६६.७ केव्हीएची मागणी ५१ वर येते. डिमांडचा आकार केव्हीएवर असेल तर तिथेही थोडी बचत होईल, पण काँट्रॅक्ट डिमांडच्या ठरावीक टक्क्यांच्या खाली हा आकार उतरत नाही, हे लक्षात ठेवा. मुख्य बचत दंडाची. पॅनेलला समजा ६०,००० रुपये लागले, तर ८,००० च्या हिशोबाने साडेसात महिन्यांत पैसे वसूल.

शेवटी देखभाल. कपॅसिटर गुपचूप मरतात, दिवा लागलेला दिसतो पण काम होत नसते. महिन्यातून एकदा टाँग टेस्टर घेऊन प्रत्येक तुकड्याचे तिन्ही फेज पाहा. ४४० व्होल्टचा १० केव्हीएआरचा तुकडा ४१५ वर प्रत्येक फेजला सुमारे साडेबारा अँपिअर घेतो. एका फेजला शून्य असेल तर फ्यूज गेला असेल, तिन्ही फेज कमी असतील तर कपॅसिटर आतून खचला आहे. डबा फुगलेला दिसला तर लगेच काढा. हात लावण्यापूर्वी पुरवठा बंद करून काही मिनिटे थांबा आणि टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, कारण बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो.

आणि तुकडे वारंवार जळत असतील, फेजचा करंट पाटीपेक्षा जास्त दिसत असेल, तर शेडमध्ये व्हीएफडी ड्राइव्ह किती आहेत ते मोजा. ड्राइव्हचे हार्मोनिक करंट कपॅसिटरमध्ये शिरतात, आणि कपॅसिटर व रोहित्र मिळून ते वाढवूही शकतात. तिथे आणखी कपॅसिटर लावणे हा उपाय नाही, प्रत्येक तुकड्याआधी डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर आणि त्याला साजेसे जास्त व्होल्टेजचे कपॅसिटर लागतात. आणि ड्राइव्ह व मोटर यांच्यामध्ये कपॅसिटर कधीच जोडायचा नाही, त्याने ड्राइव्हच जाईल.

आज घरी गेल्यावर मागच्या सहा महिन्यांची बिले काढा आणि तीन आकडे एका कागदावर लिहा: युनिट, लॅग, लीड. लॅग मोठा असेल तर कपॅसिटर कमी आहेत किंवा मेलेले आहेत. लीड मोठा असेल तर ते नको त्या वेळी चालू आहेत. पॅनेलवाल्याला बोलवायचे ते हा कागद हातात घेऊन.