दहाव्या मिसळीचा हिशेब

मिसळीचं दुकान समजा. प्लेट १२० रुपयांना. मटकी, फरसाण, पाव, तेल-मसाला आणि गॅस धरून एका प्लेटीला ४८ रुपये जातात. उरले ७२. भाडं, आचाऱ्याचा पगार आणि वीजबिल यातूनच भागवायचं. नेहमीच्या गिऱ्हाइकाला खूश करायचं म्हणून मालक गल्ल्यावर पाटी लावतो : ‘जुन्या ग्राहकांना १० टक्के सूट’. वाटतं, बारा रुपयांनी काय बिघडतं! पण ते बारा रुपये १२० मधून जात नाहीत, ७२ मधून जातात. प्लेटीमागे आता ६० उरतात, म्हणजे सहावा हिस्सा गेला. पूर्वीइतकेच पैसे गल्ल्यात राहायला हवे असतील, तर १०० प्लेटींच्या जागी १२० विकायला हव्यात. सूट मिळते म्हणून कुणी पाचाच्या जागी सहा वेळा मिसळ खायला येईल? जो येतो तो तसाही आलाच असता.

मग बहुतेक दुकानदार कार्डाकडे वळतात. आठ मिसळींवर आठ शिक्के, नववी फुकट. हे सुटीपेक्षा स्वस्त वाटतं, पण नऊ प्लेटींमागे एक फुकट म्हणजे सरळ ११ टक्के सूट. काही कार्डं खिशातल्या खिशात विरतात, धुण्यात जातात, त्यामुळे प्रत्यक्षात खर्च कमी येतो. हिशेब मात्र सगळी कार्डं भरून परत येतील असं धरूनच करावा.

खरी मेख पुढे आहे. ती नववी प्लेट गिऱ्हाईक एरवी विकत घेणार होतं का? घेणार नसेल, तर मालकाचे ४८ रुपये गेले. घेणारच असेल, तर हातात येणारे पूर्ण १२० गेले. म्हणून बक्षीस म्हणून तीच वस्तू देऊ नये. जे गिऱ्हाईक एरवी मागवत नाही, पण मिळालं तर आवडीनं घेतं, ते द्यावं. पियूषचा ग्लास घ्या : पाटीवर किंमत ४०, मालकाला पडतो १४ ला. गिऱ्हाइकाच्या नजरेत चाळीस रुपयांची भेट आणि दुकानाच्या खिशाला चौदाची झळ. (रोज पियूष पिणाऱ्याला पियूष देऊन मात्र काहीच साधत नाही.)

महिन्यातून दोनदा येणारा माणूस वर्षात २४ प्लेटी खातो. आठ शिक्क्यांना एक या हिशेबाने त्याला तीन पियूष मिळतात, खर्च ४२ रुपये. कार्डामुळे तो वर्षात एकदाच जास्त आला, तरी ७२ आले आणि खर्च निघाला. दहा टक्के सुटीत त्याच माणसाला वर्षात पाच वेळा जास्त यावं लागलं असतं.

कार्ड कसं आखलंय यानेही फरक पडतो. अमेरिकेतले संशोधक नुनेस आणि द्रेझ यांनी एका कार वॉशच्या ३०० ग्राहकांना दोन प्रकारची कार्डं दिली. निम्म्यांना आठ रिकाम्या चौकोनांचं, निम्म्यांना दहा चौकोनांचं, पण दोन शिक्के आधीच मारलेलं. दोघांनाही आठच वेळा गाडी धुवायची होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्या गटातल्या ३४ टक्क्यांनी. सुरुवात झालेलं काम सोडवत नाही. दोन फुकट शिक्क्यांना खर्च शाईचा!

शिक्का कधी मारायचा, हेही ठरवा. रविवारी सकाळी बाहेर रांग असताना शिक्का देणं म्हणजे येणारच असलेल्या गर्दीला बक्षीस. सोमवार ते गुरुवार, टेबलं रिकामी असतात तेव्हाच द्यावा.

योजना चालते की नाही, हे कार्डधारक जास्त येतात एवढ्यावरून कळत नाही; मुळात नेहमी येणारेच कार्ड घेतात. त्याऐवजी प्रत्येक शिक्क्यावर तारीख लिहा. बक्षीस जवळ आलं की माणूस लवकर लवकर येतो, हे ठरलेलं, त्याला भुलू नये. पियूष पिऊन झाल्यावर दुसऱ्या कार्डाचे पहिले दोन शिक्के किती दिवसांच्या अंतराने पडले ते पाहा. कार्ड घेण्याआधी तो जितक्या दिवसांनी यायचा तितक्याच दिवसांनी येत असेल, तर योजनेनं त्याची सवय बदललेली नाही, फक्त पियूष पाजला.

‘मित्राला आणा’ ही योजना याच्याच जोडीला येते आणि तिथे गफलत पटकन होते. चौघे मिळून नेहमी येणारे एकमेकांना ‘नवीन’ म्हणून दाखवतात. म्हणून आणणाऱ्याचं बक्षीस मित्राच्या पहिल्या बिलाला द्यायचं नाही, तो स्वतःहून दुसऱ्यांदा आला की द्यायचं. त्याच्या दोन प्लेटींचे १४४ रुपये तोवर गल्ल्यात आलेले असतात. दोघांना एकेक पियूष दिला तरी २८ गेले, ११६ राहिले.