‘हो, तेच करू’ : बोलण्याच्या सारांशाचा मागोवा

१९५८ साली आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी यंत्राकडून लेखांचा सारांश काढून घेतला. लेखात वारंवार येणारे महत्त्वाचे शब्द ज्या वाक्यांत दाटीने दिसतील, ती वाक्यं जशीच्या तशी उचलायची, ही त्यांची रीत. तिला आपण ‘वेचे’ म्हणू. दुसरी रीत ‘गोषवाऱ्या’ची : ऐकलेलं नव्या वाक्यांत सांगायचं. छापील लेखांचं वेच्यांवर बरीच वर्षं भागलं. अडलं ते माणसांच्या बोलण्यापाशी.

२००० नंतरच्या दशकात युरोपातल्या संशोधकांनी ‘एएमआय’ हा सुमारे १०० तासांच्या बैठकांचा संग्रह तयार केला. त्यातल्या बऱ्याच बैठकांत चौघं जण टीव्हीच्या नव्या रिमोटची रचना ठरवतात. असं बोलणं कसं चालतं, पाहा :

“केस रबराची करायची का?”
“खर्च वाढेल… म्हणजे, बघायला हवं.”
“मग प्लॅस्टिकच?”
“हो, तेच करू.”

निर्णय शेवटच्या वाक्यात आहे, पण त्यात वजनदार शब्द एकही नाही. शब्द मोजणारं यंत्र बहुधा पहिलं वाक्य उचलेल आणि वाचणाऱ्याला वाटेल, रबराचं ठरलं. शेवटचं एकटंच उचललं तर ‘तेच’ म्हणजे काय, ते कळत नाही.

एएमआयच्या मंडळींनी यावर जे केलं, ते मला आजही सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. आधी माणसांनी बैठकीचा गोषवारा लिहिला. निर्णय, अडचणी, पुढची कामं असे त्याचे भाग पाडले. मग त्यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या बोलण्यावर उभं आहे, तेही जोडून दाखवलं.

पुढे २०१७च्या सुमारास न्यूरल जाळ्यांनी सफाईदार गोषवारे लिहायला सुरुवात केली आणि चूक दिसेनाशी झाली. वेच्यातली चूक तुटक वाक्यामुळे डोळ्यांत खुपते. गोषवारा मात्र सहज लिहून जातो, ‘खर्चामुळे रबर नाकारण्यात आलं.’ वाक्य नेटकं आहे, पण खर्च हे कारण कोणीही ठरवून दिलं नव्हतं. ती एकाची शंका होती. सूचनेचा निर्णय होणं, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या नावावर जाणं, ‘नाही’ गळणं, या चुका मूळ बोलण्याशी ताडल्याशिवाय सापडत नाहीत.

म्हणून गैरहजर सहकाऱ्याला बैठक कळवायची असेल तर गोषवारा द्यावा; चार वेचे वाचून त्याच्या हाती काही लागणार नाही. तक्रार, जबाब, रुग्णाने डॉक्टरांना सांगितलेलं, अशा ठिकाणी नेमके शब्दच पुरावा असतात. तिथे वेचेच हवेत. बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि आधीची दोन-तीन वाक्यं यांसह. आणि गोषवारा पाठवणार असाल, तर त्यातल्या निदान प्रत्येक निर्णयापुढे ध्वनिमुद्रणातली वेळ लिहा आणि तेवढा भाग स्वतः ऐका.