थांबवलेला पगार आणि पगारपत्रक

पगारकपातीत रक्कम कायमची जाते. पुढे ढकललेल्या पगारात ती कंपनीचे देणे म्हणून उरते. समजा, मंदीत कंपनीने ६०,००० रुपयांच्या पगारातील २० टक्के रक्कम एप्रिल ते जून थांबवली. इतर वजावटी बाजूला ठेवल्या, तर दरमहा हाती ४८,००० येतात. पगारपत्रकात मात्र एकूण पगार ६०,०००, थांबवलेले १२,००० आणि साचलेली बाकी दिसायला हवी : १२,०००, २४,०००, ३६,०००. ऑक्टोबरपासून थकबाकीसह दरमहा ७२,००० मिळतात. डिसेंबरअखेर बाकी शून्य होते. एप्रिलच्या पत्रकात एकूण पगारच ४८,००० छापला असेल, तर ती कपात ठरू शकते. म्हणून रक्कम, परतफेडीची तारीख आणि नोकरी सोडल्यास हिशोब लेखी घ्यावा.