तीच जिंगल, तोच ठसा

रेडिओवरची जाहिरात दर वेळी तंतोतंत तशीच वाजते. निवेदक रोज वेगळं बोलतो, गाणी बदलतात, पण जिंगल म्हणजे एकच ध्वनिमुद्रण, दिवसभर पुन्हा पुन्हा लावलेलं. ऐकणारा ज्यामुळे वैतागतो, त्याच गुणामुळे ती संगणकाला सापडते. निवेदकाने स्वतःच्या तोंडाने घेतलेलं प्रायोजकाचं नाव मात्र या पद्धतीने सापडत नाही, कारण तो दोनदा हुबेहूब सारखं बोलूच शकत नाही.

विविध भारतीवर १९६७ साली मुंबई, पुणे, नागपूरपासून जाहिराती सुरू झाल्या. तेव्हापासून घरोघरी रेडिओवरून टेप केलेल्या कार्यक्रमांत त्या येत राहिल्या. असा एक तासाचा कार्यक्रम संगणकावर घेतला आहे आणि त्यात आठ सेकंदांची जिंगल अधूनमधून येते, असं धरू.

संगणकाच्या लेखी आवाज म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. जुळवणीपुरते सेकंदाला ८,००० आकडे पुरतात, म्हणजे जिंगलचे झाले ६४,०००. एका ठिकाणची जिंगल कापून नमुना म्हणून घ्यायची आणि तासाभराच्या रांगेवरून एकेक घर पुढे सरकवायची. प्रत्येक ठिकाणी वरचा आकडा गुणिले खालचा आकडा, आणि सगळ्यांची बेरीज. आवाज जुळला नसेल तर उणे-अधिक एकमेकांना खाऊन टाकतात. जुळला, तर अधिकाखाली अधिक आणि उण्याखाली उणे येतं, सगळे गुणाकार अधिकच निघतात आणि बेरीज एकदम उसळते. मात्र जोरात वाजणारं गाणंही बेरीज फुगवतं. म्हणून तिला दोन्ही तुकड्यांच्या जोराने भागायचं. मग उत्तर उणे एक ते एक यांच्यामध्येच राहतं, आणि हुबेहूब जुळणीला एक येतो.

ही सरकवासरकवी सरळ हिशेबाने केली तर सुमारे १.८४ लाख कोटी गुणाकार होतात. जेम्स कूली आणि जॉन टुकी यांनी १९६५ साली मांडलेल्या फूरिए रूपांतराच्या झटपट रीतीमुळे तेच काम आज साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत उरकतं.

आता उत्तर वाचायचं. स्वच्छ मुद्रणात जिंगलच्या जागी ०.९च्या आसपास टोकदार सुळका दिसतो, इतरत्र शून्याजवळची खुरटी गवतासारखी रेघ. मध्येच कुठे ०.७ दिसला, तर तो टाकून देऊ नका. जिंगलवर तितक्याच जोराचा निवेदकाचा आवाज चढला की गणिताने बरोबर तेवढाच आकडा येतो. जिंगल तिथे आहे, पण ती कापली तर निवेदकाचं वाक्यही जाईल. अशी जागा कानांनी ऐकूनच ठरवावी.

नमुना निवडण्यातही मेख आहे. लांबवलेला सूर असलेला तुकडा घेतला, तर सुळक्याऐवजी लाटांची रांग मिळते, कारण सूर एक आवर्तन पुढे सरकवला तरी स्वतःशी जुळतोच. टाळी, तबल्याची थाप किंवा स्पष्ट उच्चारलेलं नाव असलेला भाग घ्यावा.

खरी पंचाईत करते ती जुनी टेप. तिचा वेग हजारात एकाने जरी हलला, तरी आठ सेकंदांच्या शेवटी आठ मिलिसेकंदांचा फरक पडतो. सेकंदाला हजार कंपनांच्या सुरात ही आठ पूर्ण आवर्तनं झाली. म्हणजे सुरुवात जुळते, पुढे अधिकाखाली उणे येऊ लागतं आणि सुळका पार बसून जातो. जिंगल कानाला स्पष्ट ऐकू येतेय, पण संगणक नाही म्हणतोय, तर आधी वेगावर संशय घ्यावा. अशा वेळी अर्ध्या सेकंदाचे छोटे नमुने वेगवेगळे शोधून पाहावेत. नाहीतर लाटांचा नाद सोडून कोणत्या क्षणी कोणते स्वर ठळक आहेत एवढ्याच खुणा जुळवाव्यात. वाजतं गाणं ओळखणारं शझाम अशाच खुणांवर चालतं; एव्हरी वांग यांनी २००३ साली ती पद्धत प्रसिद्ध केली. गोंगाटाला ती चिवट आहे.

अनेक केंद्रांवर जाहिरातींच्या आधी आणि नंतर ठरलेली धून वाजते. तिथे प्रत्येक जाहिरात शोधायची गरजच नाही. दोन धुना सापडल्या की मधलं सगळं काढता येतं. सोय मोठी, धोकाही मोठा. शेवटची धून हुकली तर संगणक थेट पुढच्या खंडाच्या धुनेपर्यंत कापत जाईल आणि अर्धी मुलाखत गडप होईल. म्हणून मर्यादा घालावी: दोन धुनांमधलं अंतर, समजा, चार मिनिटांपेक्षा जास्त निघालं तर काहीही न कापता ती जागा फक्त खूण करून ठेवायची.

कापतानाही घाई नको. सापडलेल्या वेळेवर थेट कात्री चालवली तर सांध्यावर टिक्‌ असा आवाज येतो. दोन्ही टोकांना दहा-वीस मिलिसेकंद आवाज उतरवून चढवला की तो जातो. आणि मूळ फाइल जपून ठेवा, तिच्याशेजारी कापलेल्या वेळांची यादीही. जुनी मुद्रणं जमवणाऱ्यांत कार्यक्रमापेक्षा त्या काळच्या जिंगलच मागणारेही असतात.