वर्षाचे किलोमीटर आणि गाडीचे इंधन

इचलकरंजीच्या एखाद्या कापड व्यापाऱ्याचे उदाहरण घ्यावे. घर, पेढी आणि आठवड्यातून एकदा कोल्हापूर, एवढ्यात त्याची गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर धावते. पेट्रोल लिटरला १०५ रुपये व सरासरी साडेसतरा किलोमीटर धरल्यास किलोमीटरमागे ६ रुपये पडतात. सीएनजी किलोला ९० रुपये व सरासरी २५ किलोमीटर धरल्यास ३ रुपये ६० पैसे. सीएनजी गाडीला ९६,००० रुपये अधिक मोजले असतील, तर ते वसूल होण्यास ४०,००० किलोमीटर, म्हणजे तब्बल पाच वर्षे लागतील. आणि डिकी टाकीने अडवल्यामुळे कापडाचे नमुने मागच्या आसनावर! दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी करावी लागते, तो खर्च वेगळाच. वर्षाला २०,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे मात्र दोन वर्षांत सुटतात.

डिझेलचे गणित निव्वळ पैशांचे नाही. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या गाळणीत साचणारी काजळी जळून जाण्यासाठी गाडी महामार्गावर काही वेळ सलग धावावी लागते. पेढी-घर अशा आखूड फेऱ्यांत गाळणी तुंबते, चालकासमोर इशाऱ्याचा दिवा लागतो, आणि दुर्लक्ष झाल्यास दुरुस्ती फार महाग पडते.