तीस दिवसांचं रेकॉर्डिंग वीस दिवसांत का संपतं?

कॉलेजच्या आवारात दुचाकी चोरीला जाते. तक्रार येते पंचवीस दिवसांनी. निविदेत '३० दिवसांचं रेकॉर्डिंग' असं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण रेकॉर्डर उघडला की जेमतेम वीस दिवसांचं चित्रण सापडतं. त्याआधीचं पुसलं गेलेलं असतं. डिस्क भरली की सगळ्यात जुन्या चित्रणावर नवं चित्रण चढवायचं, ही रेकॉर्डरची नेहमीची रीत. बिघाड कुठेच झालेला नसतो, त्यामुळे धोक्याची सूचनाही वाजत नाही. चूक झालेली असते ती खरेदीआधीच्या हिशेबात.

हा हिशेब कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर होत नाही. कॅमेरा दर सेकंदाला किती माहिती पाठवतो, म्हणजे त्याचा बिटरेट किती, यावर तो होतो. बिटरेट मेगाबिटमध्ये मोजतात आणि डिस्क बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले, तर सेकंदाला १ मेगाबिट पाठवणारा कॅमेरा दिवसभरात १०.८ गीगाबाइट जागा खातो. हा एक आकडा लक्षात ठेवला की बाकीचा हिशेब साध्या गुणाकाराचा.

समजा, आवारात २४० कॅमेरे आहेत आणि विक्रेत्याने प्रत्येकी २ मेगाबिट धरले आहेत. एच.२६५ पद्धतीने आकुंचित केलेल्या फुल एचडी चित्रणासाठी हा आकडा दिवसाउजेडी वाजवी आहे. २४० गुणिले २ गुणिले १०.८, म्हणजे दिवसाला सुमारे ५.२ टेराबाइट आणि ३० दिवसांचे साधारण १५६. तेवढी साठवण विकत घेतली जाते.

पण आकुंचन साधतं ते चित्र स्थिर असेल तर. जे बदललं नाही ते पुन्हा पाठवायचं नाही, हे त्यामागचं तत्त्व. रात्री प्रकाश कमी झाला की चित्रात बारीक दाणे थरथरू लागतात आणि कॅमेऱ्याला तो सगळा बदलच वाटतो. त्यात आपला पावसाळा: पावसाच्या सरी, वाऱ्यावर हलणारी झाडं, इन्फ्रारेड दिव्याभोवती जमणारे किडे. बारा तास २ मेगाबिट आणि रात्रीचे बारा तास ४ मेगाबिट असं धरलं, तर सरासरी ३ वर जाते. मग रोज ७.८ टेराबाइट लागतात आणि १५६ टेराबाइट बरोबर वीस दिवसांत भरतात. ३० दिवसांसाठी २३३ टेराबाइट हवे होते.

बिटरेटवर २ मेगाबिटची कमाल मर्यादा घातली की जागा पुरते, असा उपाय काही जण सुचवतात. जागा पुरते खरी, पण पावसाळी रात्री चित्रात चौकटी दिसू लागतात आणि फाटकावरच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही. जिथे माणूस किंवा नंबर ओळखायचा आहे, तिथे ही काटकसर करू नये. ओसाड कुंपणावर सेकंदाला २५ऐवजी १० चित्रं पुरतात. बचत तिथे करावी.

२३३ टेराबाइटसाठी १६ टेराबाइटच्या पंधरा डिस्क घेऊन भागत नाही. इतक्या डिस्क चोवीस तास चालल्या की एखादी कधीतरी जाणारच. म्हणून दहा-दहा डिस्कचे दोन गट करून रेड-६ पद्धतीने जोडावेत. प्रत्येक गटात दोन डिस्कइतकी जागा राखीव राहते आणि दोन डिस्क गेल्या तरी चित्रण वाचतं. वापरायला उरतात २५६ टेराबाइट.

साठवणीचा हिशेब सरासरीवर होतो, नेटवर्कचा मात्र सर्वांत वाईट क्षणावर करावा लागतो. एकेका इमारतीतल्या दहा-बारा कॅमेऱ्यांचे ४०-५० मेगाबिट तिथला स्विच सहज पेलतो. अडचण येते ती सगळ्या इमारतींची माहिती सर्व्हर खोलीकडे एकत्र जाते त्या शेवटच्या दुव्यावर. सरासरीने ७२० मेगाबिट, म्हणून तिथे १ गीगाबिटचा दुवा पुरेसा वाटतो. पावसाळी रात्री मात्र २४० कॅमेरे मिळून ९६० मेगाबिट पाठवतात. शिवाय प्रत्येक कॅमेरा ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र पाठवतो. बऱ्याच कॅमेऱ्यांची पूर्ण चित्रं एकाच क्षणी आली की दुवा तुंबतो आणि माहितीचे तुकडे गळतात. सुरक्षारक्षकांच्या पडद्यावरचं थेट चित्रण त्याच वाटेने जात असेल, तर भार आणखी वाढतो. इथे १० गीगाबिटचाच दुवा हवा.

हा दोष ओळखता येतो. चित्रावर करडे डाग ओघळतात, हालचाल अडखळते. पण कॅमेऱ्याला थेट लॅपटॉप जोडला तर चित्र स्वच्छ दिसतं. मग कॅमेरा बदलण्याआधी स्विचवर गळालेल्या पॅकेटचा आकडा पाहावा.

तुमच्या संस्थेत किंवा सोसायटीत कॅमेरे असतील, तर जुलैतल्या एखाद्या भरपावसाच्या रात्री चार-पाच कॅमेऱ्यांचा प्रत्यक्ष बिटरेट मोजून घ्या आणि निविदेत तो आकडा लिहा. आणि दर महिन्याला प्रत्येक कॅमेऱ्याचं सर्वांत जुनं चित्रण कोणत्या तारखेचं आहे, हे उघडून बघा.